बाळंतिणीचं वजन : तीन महिन्यांचा हट्ट आणि वर्षाचा हिशोब

बाळंतिणीच्या वजनाबद्दल आपल्याकडे दोन ठाम मतं आहेत आणि बहुतेक वेळा ती एकाच घरात ऐकू येतात. पहिलं मत असं, की तीन महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत बाई पहिल्यासारखी दिसायला हवी. दिसली नाही तर तिनंच कुठेतरी हयगय केली. दुसरं मत असं, की मूल झालं की अंग सुटायचंच, त्याचा विचार करणं म्हणजे नसते चोचले. पहिलं मत मैत्रिणींकडून, कधी नवऱ्याकडून आणि मोबाईलवरच्या फोटोंतून येतं. दुसरं येतं घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून. मी प्रसूतिगृहात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि या दोन मतांच्या कात्रीत सापडलेल्या मुली रोज समोर बसलेल्या असतात. सकाळी आईच्या आग्रहाखातर तूप-भात खायचा आणि संध्याकाळी आरशासमोर रडायचं, असं वर्ष त्या काढतात. दोन्ही मतं चुकीची आहेत, पण त्यांच्या चुकण्याची कारणं निराळी आहेत, म्हणून त्यांना उत्तरंही निराळी द्यावी लागतील.

आधी तीन महिन्यांचं बघू. ऐश्वर्या राय-बच्चनला २०११ च्या नोव्हेंबरात मुलगी झाली आणि २०१२ च्या मे महिन्यात ती कान महोत्सवाला गेली. मधे फक्त सहा महिने गेले होते. त्या काळात तिच्या वजनावरून देशभर जी टीका झाली, ती अनेकींना आठवत असेल. जगातल्या उत्तम सोयी हाताशी असलेल्या बाईचं वजन सहा महिन्यांत उतरलं नाही याचा लोकांना राग आला होता. माझ्या दृष्टीनं त्या प्रसंगातली खरी गोष्ट एवढीच, की सहा महिन्यांत वजन पूर्ण न उतरणं हे अगदी सर्वसाधारण आहे. तिच्या शरीरात काही बिघडलेलं नव्हतं. बिघडलेली होती ती बघणाऱ्यांची अपेक्षा.

ही अपेक्षा कुठे चुकते हे कळायला गरोदरपणातलं वजन कशाचं असतं ते बघावं लागतं. समजा, १५५ सेंटीमीटर उंचीची एक मुलगी आहे, गरोदर राहिली तेव्हा तिचं वजन ५२ किलो होतं. उंचीच्या मानानं हे अगदी योग्य वजन. नऊ महिन्यांत ते १२ किलोंनी वाढून ६४ झालं. यातलं बाळ साधारण तीन किलोंचं, वार अर्धा किलोची, गर्भजल पाऊण किलोच्या आसपास. गर्भाशय स्वतःच वाढून किलोभराचं झालेलं असतं. शरीरातलं रक्त सव्वा-दीड किलोनं वाढतं, पेशींच्या बाहेर साठलेलं पाणी साधारण तेवढंच, स्तन चारपाचशे ग्रॅमनं वाढतात. उरलेली तीन-साडेतीन किलो चरबी. शरीरानं ती मुद्दाम साठवलेली असते. दूध तयार करण्यासाठी पुढे जी ऊर्जा लागणार, तिची ही आगाऊ तरतूद.

आता या मुलीचं बाळंतपण झालं. बाळ, वार, पाणी आणि थोडं रक्त मिळून पाच-एक किलो त्याच दिवशी कमी होतात. म्हणजे ती ५९ वर येते. सीझर झालं असेल आणि सलाइन बरंच गेलं असेल, तर पहिले काही दिवस काटा ६० सुद्धा दाखवतो, पाय सुजतात, अंगठी बोटात अडकते. इथेच कित्येकींचा धीर सुटतो. "बाळ बाहेर आलं तरी मी तेवढीच कशी?" हा प्रश्न मला वॉर्डात सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. पुढच्या आठ-दहा दिवसांत लघवी आणि घामावाटे आणखी दोनेक किलो पाणी जातं. गर्भाशय आठवड्याभरात किलोवरून अर्ध्या किलोवर येतं आणि महिनाभरात शंभर ग्रॅमच्याही खाली जातं. सहा आठवडे संपतात तेव्हा आपली ही मुलगी साधारण ५६ वर असते. आठ किलो गेलेले असतात, आणि त्यासाठी तिला काहीही करावं लागलेलं नसतं.

उरले चार. ही मुख्यतः चरबी आहे आणि तिचा वेग पूर्णपणे वेगळा आहे. पहिल्या सहा आठवड्यांत आठ किलो गेले, म्हणजे पुढच्या सहा आठवड्यांत उरलेले चार सहज जातील, असं मनातल्या मनात गणित केलं जातं. तीन महिन्यांचा हट्ट त्यातूनच जन्मतो. पण पाणी उतरणं आणि चरबी उतरणं या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. काटा दोन्हींना किलोच म्हणतो, एवढाच त्यांचा संबंध. चरबी दर महिन्याला अर्धा किलो गेली, तरी उत्तम चाललंय असं मी मानते. त्या वेगानं ही मुलगी तिसऱ्या महिन्यात ५५ च्या वर, सहाव्या महिन्यात ५४ च्या आसपास आणि पुढे वेग आणखी मंदावून वर्षाच्या शेवटी ५३-५३.५ वर असेल. म्हणजे वर्ष संपलं तरी किलो-दीड किलो जास्तच. ही यशस्वी बाळंतिणीची कथा आहे, फसलेलीची नव्हे.

आणि सगळ्यांचं इतकंही उतरत नाही. अमेरिकेत पाच ठिकाणच्या, बहुतांश कमी उत्पन्न गटातल्या ७७४ बायकांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर त्यांच्यातल्या चारपैकी तिघींचं वजन गरोदरपणाच्या आधीपेक्षा जास्त होतं, आणि जवळपास निम्म्या साडेचार किलोंहून अधिक वजन बाळगून होत्या. त्या समाजाचे आकडे इथे तसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण तीन महिन्यांत पूर्ववत होणं हा नियम आणि न होणं हा अपवाद, असं जे मानलं जातं ते टिकणारं नाही हे त्यातून स्पष्ट दिसतं.

तीन महिन्यांवर ठाम असणाऱ्यांचा एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतो. "अंगावर पाजा, वजन आपोआप उतरेल." यात तथ्य आहे, पण ते किती आहे हे कुणी सांगत नाही.

दूध तयार करायला ऊर्जा लागते, आणि ती थोडीथोडकी नसते. बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असताना आईला दिवसाला साधारण ६७५ कॅलरी त्यासाठी लागतात, असा जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांचा हिशोब आहे. तो हिशोब पुढे असं धरतो, की यातल्या १७० कॅलरी आईच्या साठवलेल्या चरबीतून येतील आणि उरलेल्या ५०५ तिनं जास्तीच्या खाण्यातून मिळवाव्यात. रोजच्या १७० कॅलरी चरबीतून गेल्या, तर महिन्याला सुमारे ८०० ग्रॅम वजन उतरतं. अंगावर पाजल्यानं वजन उतरतं या विधानाचा सगळा आधार या १७० कॅलरींवर आहे. ही फट इतकी अरुंद आहे, की ती बुजायला काहीच लागत नाही.

ती कशी बुजते ते मी एकदा काट्यावर करून बघितलं. एका बाळंतिणीची आई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली होती. ओवा-बाळंतशेपांचा वास येत होता, लाडू खुटखुटीत, हाताळताना बोटांना तूप लागणारे. मावशींना मी कृती विचारली. पाव किलो गूळ, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो खारकेची पूड, शंभर ग्रॅम डिंक, पन्नास ग्रॅम खसखस आणि दोनशे ग्रॅम साजूक तूप. या सगळ्याचे पंचवीस लाडू. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक लाडू ४४ ग्रॅम भरला. सगळ्या सामानाच्या कॅलरी मांडल्या तर बेरीज साडेपाच हजारांच्या आसपास जाते, म्हणजे एका लाडवात सुमारे २२०. मावशी म्हणाल्या, "अहो ताई, एक सकाळी, एक संध्याकाळी, एवढंच देते. तिला दूध यायला नको?" त्या मनापासून बोलत होत्या. स्वतःच्या तीन बाळंतपणांत त्यांनी हेच खाल्लं होतं.

पण हिशोब असा होतो. दोन लाडवांचे ४४०. भातावर, भाकरीवर मिळून दिवसाला चहाचे चार चमचे तूप, त्याचे १८०. झाले ६२०. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत जास्तीच्या ६०० कॅलरी सांगितल्या आहेत. म्हणजे एक भाकरीही जास्त न खाता, खीर-शिरा न धरता, वाढीव गरज लाडू आणि तुपातच संपली. चरबीतून जायच्या १७० कॅलरींना वावच उरला नाही. दूध पाजूनही वजन जागचं हललं नाही, यात त्या मुलीचा आळस कुठे आला?

दुधाचं म्हणाल, तर दूध येतं ते स्तन वारंवार रिकामे होण्यानं. बाळ जितक्या वेळा आणि जितक्या नीट ओढतं, तितकं दूध बनतं. आई अगदी कुपोषित असेल तर गोष्ट वेगळी, पण व्यवस्थित जेवणाऱ्या बाईला तिसरा लाडू दिल्यानं दूध वाढत नाही. जास्तीच्या कॅलरींबरोबर तिला खरं लागतं ते दिवसाला सतराएक ग्रॅम जादा प्रथिन, आणि वर सांगितलेल्या दोन लाडवांत ते जेमतेम तीन ग्रॅम असतं. दोनऐवजी एक लाडू ठेवून दुसऱ्याच्या जागी घट्ट वरणाची वाटी, कपभर दूध आणि चालत असेल तर एक अंडं दिलं, तर कॅलरी साधारण तेवढ्याच राहतात आणि प्रथिनाची कमतरता पुष्कळशी भरून निघते. मावशींना मी हेच सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलंही, कारण लाडू बंद करा असं कुणी म्हणत नव्हतं.

लाडू ज्या बाईसाठी घडला ती बाई डोळ्यांपुढे आणली, म्हणजे तो का घडला हे कळतं. तिचं गरोदरपणातलं वजन पाच-सहा किलोच वाढलेलं असायचं आणि सव्वा महिना संपला की ती पाणी भरायला, दळायला, शेतावर जायची. साठवलेली चरबी तिच्याजवळ नव्हतीच. अशा बाईसाठी वरचा आंतरराष्ट्रीय हिशोबही बदलतो. गरोदरपणात पुरेसं वजन न वाढलेल्या आईनं १७० कॅलरी अंगातून काढायच्या नाहीत, सगळ्याच्या सगळ्या ६७५ ताटातून मिळवायच्या, असं तो सांगतो. आणि ही बाई इतिहासजमा झालेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रिया उंचीच्या मानानं कमी वजनाच्या निघाल्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या. एकाच गल्लीत या दोघी राहतात. ४१ किलोंची, गरोदरपणात सहा किलो वाढलेली मुलगी आणि ६८ किलोंची, पंधरा किलो वाढलेली मुलगी यांना एकच डबा आणि एकच अपेक्षा देणं हा दोघींवरही अन्याय आहे. पहिलीचं वजन वर्षाच्या शेवटी दोन-तीन किलो जास्त राहिलं तर मला आनंद होईल.

आता पोटाबद्दल, कारण वजनाचा विषय निघाला की बोलणं शेवटी पोटावरच येतं. पोट घट्ट बांधलं तर ते आत जातं, आणि बाळंतिणीनं पाणी कमी प्यायलं तर पोट सुटत नाही, हे दोन समज अजून पक्के आहेत. पट्ट्यानं सीझरच्या जखमेला आधार मिळतो, उठता-बसताना बरं वाटतं, तेवढ्यासाठी तो जरूर वापरावा. गर्भाशय मात्र स्वतःच्या आकुंचनानं लहान होतं, त्याला बाहेरून दाबून काही साधत नाही. पाणी तोडल्यानं तर नुकसानच होतं: लघवीला जळजळ, बद्धकोष्ठता, आणि बाळ ओढायला लागलं की घशाला पडणारी कोरड. सीझरमुळे पोट सुटतं असंही म्हणतात. त्या शस्त्रक्रियेत पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. आणि साधं बाळंतपण झालेल्यांचंही पोट पुढे राहतंच.

ते का राहतं याचं एक मोठं कारण चरबीशी संबंधितच नाही. वाढत्या गर्भाशयानं पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या रेषेपासून दूर सरकतात. नॉर्वेत तीनशे पहिलटकरणींवर झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांनी ६० टक्के जणींत ही फट होती, सहा महिन्यांनी ४५ टक्क्यांत, आणि वर्षानंतरही ३३ टक्क्यांत. ती ओळखायला यंत्र लागत नाही. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, डोकं आणि खांदे जरा उचलायचे आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून बघायचं. दोन बोटं किंवा जास्त आत शिरत असतील, तर फट आहे. अशा बाईनं वजन कमी करायला उपाशी राहणं निरर्थक आहे, कारण तिचं पोट वजनानं पुढे आलेलं नाही. तिला फिजिओथेरपिस्टनं दाखवलेले खोल पोटाचे आणि ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम हवेत. सिट-अप्ससारखे, पोटाला मधोमध फुगवटा आणणारे व्यायाम घाईनं केले तर त्रास वाढू शकतो.

आता दुसरं मत: मूल झालं की अंग सुटायचंच, सोडून द्या. तीन महिन्यांच्या हट्टाला विरोध करताना हे मत जवळचं वाटू लागतं. त्यात माया आहे, बाळंतिणीला चार दिवस तरी कुणी बोलू नये ही इच्छा आहे. तरीही मी ते मानत नाही, आणि कारण दिसण्याचं नाही.

वर्षभरानंतर जे वजन उरतं, त्यातलं बरंचसं पुढे अंगावरच राहतं. दुसरं बाळंतपण त्याच वजनावर सुरू होतं आणि त्यावर आणखी थर चढतो. स्वीडनमध्ये दीड लाख बायकांच्या पहिल्या आणि दुसऱ्या गरोदरपणाच्या नोंदी तपासल्या गेल्या; २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आलं. दोन गरोदरपणांच्या मधे शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजे बीएमआय, एक-दोन अंकांनी जरी वाढला, तरी दुसऱ्या खेपेला गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका वाढलेला दिसला. तीन अंकांहून जास्त वाढीत पोटातच मूल दगावण्याचा धोकाही वाढला. आपल्या १५५ सेंटीमीटरच्या मुलीसाठी एक अंक म्हणजे सुमारे अडीच किलो, तीन अंक म्हणजे सात किलो. म्हणून वर्षाअखेर दीड-दोन किलो जास्त राहिले तर मी त्याकडे बघणारही नाही, आणि पाच किलो राहिले तर मात्र दुर्लक्ष करू देणार नाही. पहिल्याच वेळी गरोदरपणातला मधुमेह झालेला असेल, तर हे आणखी महत्त्वाचं. अशा बाईनं सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन साखर तपासून घ्यायची असते. माझ्या अनुभवात बाळाच्या धावपळीत सगळ्यात जास्त चुकते ती हीच तपासणी.

वजन उतरवायला गेलं तर दूध आटेल, ही भीती दुसऱ्या मताच्या मुळाशी असते. ती घाईच्या, अर्धपोटी डाएटबद्दल रास्त आहे, सावकाश उतरवण्याबद्दल नाही. जास्त वजनाच्या, पाजणाऱ्या चाळीस आयांचा एक प्रयोग २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. बाळ महिन्याचं झाल्यावर त्यांच्यातल्या एका गटानं दहा आठवडे आहार थोडा आटोक्यात ठेवला आणि व्यायाम केला. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरलं आणि बाळांच्या वाढीत काही फरक पडला नाही. अर्धा किलो ही वरची मर्यादा समजावी. पाजत असताना दिवसाचा आहार पंधराशे-अठराशे कॅलरींच्या खाली नेऊ नये, आणि ज्यांचं वजन मुळात बेताचं आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये.

मग अपेक्षा काय ठेवावी? माझं उत्तर असं. पहिले सहा आठवडे वजनकाट्याला हात लावू नये, कारण तो त्या काळात फक्त पाणी मोजतो. त्यानंतर महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. तुलना करायची ती गरोदर राहिल्याच्या वेळच्या वजनाशी. आपल्याकडे मुली लग्नातल्या ब्लाउजशी तुलना करतात आणि लग्न चार वर्षांपूर्वी झालेलं असतं. मधल्या चार वर्षांत वाढलेले तीन किलोही मग बाळाच्या नावावर जातात.

सहाव्या महिन्याकडे मात्र नीट लक्ष द्यावं. वर्षातला सगळ्यात नाजूक टप्पा तो आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. बाळाला पेज, वरण-भाताचं मऊ सुरू होतं, दूध कमी लागायला लागतं. नोकरी करणाऱ्यांची २६ आठवड्यांची रजा याच सुमारास संपते आणि दिवसाच्या पाजण्या एकदम तुटतात. गरज घटते, पण भूक आणि सवय तीच राहते. उरलेल्या लाडवांचा डबा, बाळाच्या वाटीतलं उरलेलं, ऑफिसच्या चहाबरोबरची बिस्किटं. आत्तापर्यंत हळूहळू उतरणारं वजन इथे थांबतं किंवा वर चढतं. बाळाचं पाजणं जसं कमी होतं तसं तुपा-लाडवाचं जादाचं खाणं कमी करायचं, एवढा एक बदल या महिन्यात केला तरी पुढचं अर्धं वर्ष सावरतं.

आणि झोप. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये आयांच्या एका दीर्घ अभ्यासात, बाळ सहा महिन्यांचं असताना दिवसभरात पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या आयांत वर्षाअखेर पाच किलो किंवा जास्त वजन राहण्याची शक्यता, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट दिसली. झोपेमुळेच वजन राहिलं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण नवऱ्यांना मी हा आकडा आवर्जून सांगते. बायकोच्या वजनाबद्दल ज्याला काही म्हणायचं आहे, त्यानं आधी रात्री दोन वाजता उठून बाळाचं लंगोट बदलावं, ढेकर काढावी आणि तिला पाजण्यापुरतंच उठवावं.

वजन न उतरण्यापेक्षा जास्त काळजी मला कधीकधी फार वेगानं उतरणाऱ्या वजनाची वाटते, कारण तिथे सगळे कौतुक करत असतात. बाळंतपणानंतर काही जणींत थायरॉइडला सूज येते. पहिल्या काही महिन्यांत ती ग्रंथी जास्त काम करते: वजन झपाट्यानं घटतं, छाती धडधडते, हात थरथरतात, झोप लागत नाही. मग चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान तीच ग्रंथी मंदावते आणि उलटं सुरू होतं. थकवा, थंडी, बद्धकोष्ठता, खाणं तेवढंच असूनही चढणारं वजन, विस्कटलेलं मन. या दोन्ही अवस्था "बाळ लहान आहे, जागरण होतं" या एका वाक्याखाली झाकल्या जातात. एक साधी टीएसएचची तपासणी ते उघड करते. खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप असताना वजन घटत असेल, तर क्षयाची तपासणी लगेच करावी. बाळंतपणानंतरचे महिने त्या रोगाला सोयीचे असतात.

हे सगळं कळायचं तर कुणीतरी आईचं वजन लिहून ठेवलं पाहिजे, आणि ते कुणीच ठेवत नाही. गरोदरपणात दर खेपेला तिला काट्यावर उभं करतात, माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद होते आणि बाळंतपण झाल्यावर तिच्या वजनाचे रकाने संपतात. बाळाचं मात्र लसीच्या वेळी वजन होतं: सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात, मग गोवर-रुबेलाच्या लसीला नवव्या महिन्यात. आई त्याच खोलीत उभी असते, मोठ्यांचा काटा तिथेच भिंतीशी असतो. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, या तीन वेळा तिचंही वजन घेऊन कार्डावर तिच्या गरोदरपणाच्या आधीच्या किंवा पहिल्या नोंदीशेजारी लिहावं, अशी माझी प्रत्येक परिचारिकेला, आशाताईला आणि बालरोगतज्ज्ञाला विनंती आहे. वर्षाचं शेवटचं वजन आई वाढदिवसाच्या सुमारास घरीच घेऊ शकते. चौदाव्या आठवड्यात सहा आठवड्यांपेक्षा तीन किलोंनी कमी भरलं तर थायरॉइड तपासा. नवव्या महिन्यात पाच किलो जास्त असेल तर तिला आहारतज्ज्ञाकडे पाठवा. पहिल्यापासून बेताच्या वजनाची मुलगी नवव्या महिन्यात मूळ वजनाच्याही खाली गेली असेल, तर घरी तिला शेवटी जेवायला बसवतात का, हे तिला एकटीला बाजूला घेऊन विचारा.